डेटिंग अॅपवरचे खाते बंद करताना: आधी सबस्क्रिप्शन, मग प्रोफाइल

माझ्या मावसबहिणीचे लग्न ठरले, त्याच आठवड्यात तिने फोनमधले डेटिंग अॅप उघडून सेटिंग्जमधून खाते कायमचे पुसले आणि मग अॅपही काढून टाकले. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. तीन महिन्यांनी साखरपुड्याच्या खर्चाचा हिशेब लावताना तिला बँकेच्या विवरणात दिसले, की दर महिन्याच्या १७ तारखेला ७९९ रुपये खात्यातून वजा होत आहेत. आदल्या दिवशी बँकेचा मेसेजही दर वेळी येत होता, पण त्यात डेटिंग अॅपचे नाव नव्हते, ‘गुगल प्ले’ एवढेच होते. फोनमधल्या साठवणुकीच्या जागेचे पैसे असतील, असे समजून तिने ते तिन्ही मेसेज सोडून दिले होते.

तिच्याबरोबर बसून मी हे निस्तरले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. वरवर एकच दिसणारे हे खाते प्रत्यक्षात तीन ठिकाणी नोंदलेले असते. प्रोफाइल, फोटो आणि गप्पा अॅप कंपनीकडे असतात. दरमहा किंवा दर तिमाहीला नूतनीकरण होणारे सबस्क्रिप्शन बहुतेक वेळा गुगल प्ले किंवा अॅपलच्या अॅप स्टोअरकडे असते. आणि ते पैसे आपोआप वळते करण्याची परवानगी, म्हणजे ऑटोपेचे मँडेट, आपल्या बँकेकडे असते. पहिली नोंद पुसल्याने उरलेल्या दोन पुसल्या जात नाहीत. अॅप फोनमधून काढून टाकल्याने तर तिन्हींपैकी एकही पुसली जात नाही, प्रोफाइलसुद्धा नाही. ते इतरांना तसेच दिसत राहू शकते.

म्हणून या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. पुढे मी टिंडरचे उदाहरण धरून लिहिले आहे आणि अँड्रॉइड फोन व यूपीआय ऑटोपे ही आपल्याकडची नेहमीची जोडी गृहीत धरली आहे. आयफोनचा मार्ग जिथे वेगळा आहे, तिथे तो सांगितला आहे. बम्बल, हिंज किंवा इतर अॅपमध्ये बटणांची नावे थोडी बदलतील, पण क्रम हाच राहील.

पैसे नेमके कोण घेत आहे, ते शोधणे

खाते पुसण्याच्या बटणाला हात लावण्याआधी सबस्क्रिप्शन कोणामार्फत घेतले होते, हे नक्की करावे. आठवणीवर विसंबू नये, पावती शोधावी. गुगल प्लेमार्फत घेतले असेल, तर ईमेलवर आलेल्या पावतीत ऑर्डर क्रमांक असतो आणि त्याची सुरुवात `GPA.` या अक्षरांनी होते. त्यामुळे जीमेलच्या शोधपट्टीत ही अक्षरे टाकली, की गुगल प्लेच्या पावत्या समोर येतात. अॅपलची पावती ‘Apple’ या नावाने येते आणि कार्डाच्या विवरणात अशा व्यवहारापुढे बहुधा `APPLE.COM/BILL` असे लिहिलेले असते. या दोन्ही प्रकारची पावती कुठेच सापडत नसेल आणि पैसे मात्र जात असतील, तर कार्ड किंवा यूपीआयचा तपशील थेट अॅप कंपनीच्या संकेतस्थळावर दिला असण्याची शक्यता असते.

बहिणीचे घोडे इथेच अडले होते. प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनची यादी उघडली, तर ती पूर्ण रिकामी. याचे कारण साधे आणि फार सर्रास आढळणारे आहे: सबस्क्रिप्शन फोनला किंवा मोबाइल क्रमांकाला जोडलेले नसते, खरेदीच्या वेळी प्ले स्टोअरमध्ये जे गुगल खाते चालू होते, त्याला जोडलेले असते. तिच्या फोनमध्ये दोन जीमेल खाती होती, एक नोकरीच्या अर्जांसाठी काढलेले आणि एक कॉलेजपासूनचे. `GPA.` असा शोध दोन्ही खात्यांत घेतल्यावर पावती कॉलेजच्या खात्यात निघाली. प्ले स्टोअरमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवून खाते बदलल्याबरोबर सबस्क्रिप्शन दिसू लागले. आयफोनवरही हीच अडचण दुसऱ्या अॅपल खात्यामुळे येते. म्हणून यादी रिकामी दिसली, तर सबस्क्रिप्शन नाहीच असा निष्कर्ष काढू नये. आधी फोनमधले प्रत्येक खाते तपासावे, आणि जुना फोन घरात कुणाला वापरायला दिला असेल, तर त्यातही पाहावे.

पावतीवरून तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: ज्या ईमेलवर पावती आली तो ईमेल, रक्कम आणि नूतनीकरणाची तारीख. पुढे प्रत्येक टप्प्यावर त्या लागतात.

सबस्क्रिप्शन रद्द करणे

अँड्रॉइडवर योग्य गुगल खाते निवडल्यानंतर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवावे, तिथून ‘Payments & subscriptions’ आणि पुढे ‘Subscriptions’ उघडावे. संगणकावरून करायचे असल्यास त्याच खात्याने लॉग-इन करून थेट या पत्त्यावर जाता येते:

```
play.google.com/store/account/subscriptions
```

यादीतले डेटिंग अॅप निवडल्यावर खाली ‘Cancel subscription’ दिसते. ते दाबल्यावर कारण विचारले जाते. कोणतेही कारण निवडले तरी चालते, न सांगण्याचा पर्यायही असतो. त्यानंतर पुन्हा एकदा ‘Cancel subscription’ दाबून खात्री द्यावी लागते. अनेक जण नेमके या दुसऱ्या बटणाआधीच थांबतात आणि रद्द झाले असे समजतात. काही सबस्क्रिप्शनमध्ये रद्द करण्याऐवजी पैसे काही काळ थांबवण्याचा, म्हणजे ‘Pause’चा पर्यायही समोर ठेवला जातो. तो घेतला, तर ठरलेली मुदत संपल्यावर वसुली पुन्हा आपोआप सुरू होते. त्यामुळे कायमचे बंद करायचे असेल, तर तो पर्याय घेऊ नये.

खरोखर रद्द झाले की नाही, हे पाहण्याची खूण अशी: तेच सबस्क्रिप्शन पुन्हा उघडल्यावर रद्द करण्याच्या बटणाच्या जागी ‘Resubscribe’ दिसायला हवे आणि रद्द झाल्याचा ईमेल त्या गुगल खात्यावर आलेला असायला हवा. या दोन्हींचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, तारीख दिसेल असा. भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत गोल्ड किंवा प्लॅटिनमच्या सुविधा चालूच राहतात. त्या दिसतात म्हणून रद्द झालेच नाही, असे वाटून घाबरण्याचे कारण नाही. एकरकमी घेतलेले बूस्ट किंवा सुपर लाइक यांचे नूतनीकरण होत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी काही रद्द करावे लागत नाही.

आयफोनवर ‘Settings’ उघडून सर्वांत वरच्या आपल्या नावावर बोट ठेवावे आणि ‘Subscriptions’मध्ये जाऊन अॅप निवडावे. तिथे ‘Cancel Subscription’ नसेल आणि मुदत संपण्याची तारीख लाल अक्षरांत दिसत असेल, तर ते आधीच रद्द झालेले आहे. अॅपलच्या बाबतीत नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी रद्द करणे सुरक्षित असते. माझा आग्रह मात्र दोन्हींकडे तीन-चार दिवस हाताशी ठेवण्याचा आहे, कारण शेवटच्या दिवशी चुकीचे खाते उघडले गेले, तर ते शोधण्यातच वेळ निघून जातो.

थेट अॅप कंपनीकडे कार्ड दिले असेल, तर ज्या संकेतस्थळावर पैसे भरले तिथे लॉग-इन करून सेटिंग्जमधल्या पेमेंटच्या विभागातून सबस्क्रिप्शन बंद करावे. या प्रकारात तर खाते आधी पुसणे विशेष त्रासाचे ठरते, कारण पुसलेल्या खात्यात पुन्हा शिरून सबस्क्रिप्शन रद्द करण्याचा रस्ताच उरत नाही आणि सारा पत्रव्यवहार कंपनीच्या मदत विभागाशी करावा लागतो.

ऑटोपेचे मँडेट

अनेकांना वाटते, की फोनपे किंवा गुगल पेमधून मँडेट मोडले की झाले, मूळ सबस्क्रिप्शनच्या मागे लागण्याची गरज काय? हा मार्ग अर्धवट आहे. मँडेट मोडल्यावर स्टोअरच्या दृष्टीने सबस्क्रिप्शन चालूच असते, फक्त त्याचे पैसे मिळालेले नसतात. गुगल प्लेमध्ये सबस्क्रिप्शनसाठी पर्यायी पेमेंट पद्धत नोंदवलेली असेल, तर पहिली पद्धत अपयशी ठरल्यावर वसुली तिच्यातून होऊ शकते. अॅपलही मुख्य पद्धत चालली नाही, तर खात्यात नोंदवलेल्या इतर पद्धती वापरून पाहू शकते. म्हणजे यूपीआयचा रस्ता बंद केला आणि पैसे जुन्या कार्डावरून गेले, असे घडू शकते. म्हणून सबस्क्रिप्शन आधी रद्द करावे आणि मँडेट त्यानंतर तपासावे.

ज्या यूपीआय अॅपमधून परवानगी दिली होती, त्यात आपल्या प्रोफाइलवर बोट ठेवून ‘Autopay’ हा विभाग उघडावा. तिथे चालू, थांबवलेली आणि रद्द झालेली मँडेट दिसतात. इथे थोडे सांभाळून काम करावे. गुगल प्लेमार्फत घेतलेल्या सबस्क्रिप्शनच्या मँडेटवर डेटिंग अॅपचे नाव असेलच असे नाही, गुगलचे नाव असते. गाण्यांच्या अॅपचे किंवा साठवणुकीच्या जागेचे मँडेटही त्याच नावाने शेजारी असू शकते. म्हणून कागदावर लिहिलेली रक्कम आणि तारीख जुळवून योग्य मँडेट निवडावे. ते अजून चालू असेल, तर ते रद्द करताना यूपीआय पिन विचारला जातो, आणि तो आपल्याच यूपीआय अॅपमध्ये, आपण स्वतः उघडलेल्या पानावर टाकायचा असतो. कुणी फोन करून ‘तुमचे डेटिंगचे सबस्क्रिप्शन बंद करतो, पिन टाका’ असे म्हणत असेल, तर तो फोन तिथेच ठेवावा.

मँडेट कार्डावर असेल, तर ते यूपीआय अॅपमध्ये दिसणार नाही. त्यासाठी बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा अॅपमध्ये कार्डावरील ई-मँडेट अथवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनचा विभाग पाहावा, किंवा कार्डामागच्या क्रमांकावर बँकेलाच विचारावे.

या सगळ्यात रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा आपल्याला एक मोठा आधार आहे. १ ऑक्टोबर २०२१पासून कार्ड, वॉलेट आणि यूपीआयवरील अशा आवर्ती व्यवहारांची सूचना पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला देणे बंधनकारक झाले आणि त्या सूचनेतच तो व्यवहार किंवा पूर्ण मँडेट नाकारण्याची सोय असावी लागते. बहिणीने सोडून दिलेला मेसेज हाच होता. त्यामुळे ‘गुगल प्ले’ एवढेच लिहिलेला मेसेज आला, तरी त्यातली रक्कम कशाची आहे, हे त्याच दिवशी पाहावे.

पुसण्याआधी काय काढून घ्यावे

खाते पुसले, की मॅच, गप्पा आणि फोटो आपल्या हातून कायमचे जातात. काही संवाद जवळ ठेवायचे असतील, तर टिंडरवर आपली माहिती उतरवून घेण्याची सोय `account.gotinder.com/data` या पत्त्यावर आहे. विनंती केल्यावर माहिती लगेच हातात पडत नाही, तयार झाल्यावर तिची लिंक ईमेलवर येते. म्हणून ती येऊन फाइल उघडून पाहीपर्यंत खाते पुसू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट त्रास देणाऱ्या माणसांबाबतची आहे. कुणी धमकावले असेल, पैसे मागितले असतील, फोटोंवरून छळले असेल, तर खाते पुसून मोकळे व्हावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण खात्याबरोबर तो संवादही आपल्या बाजूने नाहीसा होतो आणि अॅपमधून त्या व्यक्तीची तक्रार करण्याची सोय हातची जाते. आधी त्या व्यक्तीच्या प्रोफाइलचे आणि संवादाचे स्क्रीनशॉट घ्यावेत, अॅपमधून ‘Report’ करावे आणि मगच खाते पुसावे. प्रकरण गंभीर असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवता येते. १९३० हा क्रमांक विशेषतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

खाते पुसणे

टिंडरमध्ये प्रोफाइलच्या चिन्हावरून ‘Settings’मध्ये जावे आणि अगदी तळाशी सरकत जाऊन ‘Delete Account’ निवडावे. त्याच्या जवळच ‘Logout’ असते. घाईत ते दाबले गेले, तर आपण फक्त बाहेर पडतो, प्रोफाइल जागेवरच राहते. पुसायला निघाल्यावर खाते तात्पुरते लपवण्याचा पर्याय पुढे केला जातो. लपवलेले प्रोफाइल नव्या लोकांना दाखवले जात नाही, पण आधीच्या मॅचना ते दिसते आणि बोलताही येते. थोडे दिवस बाजूला व्हायचे असेल, त्यांना ही सोय उपयोगी आहे. नाते ठरले म्हणून निघणाऱ्याच्या कामाची ती नाही. पुढे कारण विचारून शेवटी पुसण्याची खात्री मागितली जाते, तिथे होकार द्यावा.

ज्यांनी अॅप आधीच काढून टाकले आहे, त्यांनी ते पुन्हा उतरवून लॉग-इन करावे आणि याच मार्गाने खाते पुसावे. हा मार्ग अॅपमध्ये असणे ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. खाते उघडू देणाऱ्या अॅपने ते आतूनच पुसण्याची सोय दिली पाहिजे, असे बंधन अॅपलने ३० जून २०२२पासून घातले आहे. गुगल प्लेने २०२३मध्ये तशीच अट जाहीर करून अॅपबाहेर, संकेतस्थळावरूनही विनंती करता यावी, असे सांगितले आहे. प्ले स्टोअरवरील अॅपच्या पानावर ‘Data safety’ या भागात ती लिंक पाहता येते.

पुसल्याबरोबर कंपनीकडची सगळी माहिती त्याच क्षणी नष्ट होते, असे मात्र नाही. टिंडरच्या गोपनीयता धोरणानुसार खाते पुसल्यावर सुरक्षिततेच्या कारणासाठी माहिती तीन महिने राखली जाते आणि खाते कंपनीनेच बंदी घालून बंद केले असेल, तर एक वर्ष. या काळात प्रोफाइल इतरांना दिसत नाही. समोरच्याने आधी काढलेल्या स्क्रीनशॉटवर अर्थातच कुणाचाच ताबा नसतो.

प्रोफाइल गेले की नाही, हे पाहण्यासाठी काही जण लगेच पुन्हा लॉग-इन करून बघतात. त्यात धोका आहे. नाव आणि जन्मतारीख विचारत नवी नोंदणी सुरू झाली, तर जुने खाते गेले आहे, एवढे समजून तिथेच थांबावे. पुढे माहिती भरली, तर नवे खाते तयार होते. एखादी विश्वासातली मैत्रीण मॅचच्या यादीत असेल, तर तिला विचारणे अधिक सोपे. तिच्या यादीतून आपण नाहीसे झालेले असतो.

यानंतर लॉग-इनच्या जोडण्या तोडाव्यात. गुगल खात्याने लॉग-इन केले असेल, तर `myaccount.google.com/connections` येथे अॅपचे नाव शोधून जोडणी काढावी. फेसबुकने केले असेल, तर त्याच्या सेटिंग्जमधल्या ‘Apps and websites’ या भागात जावे. हे काम खाते पुसल्यानंतरचे आहे. आधी केले, तर त्याच खात्यात शिरणे अवघड होऊन बसते. मोबाइल क्रमांकाचेही तसेच आहे. ओटीपीने उघडणारे खाते तसेच ठेवून क्रमांक सोडून दिला, तर बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्या हाती पडू शकतो. त्यामुळे शहर बदलताना, परदेशी जाताना किंवा सिम बदलताना खाते आधी पुसावे.

पैसे तरीही गेले तर

बहिणीच्या बाबतीत आम्ही १४ तारखेला सबस्क्रिप्शन रद्द केले, म्हणजे नूतनीकरणाला तीन दिवस होते. आदल्या तीन वसुल्यांसाठी परतावा मागितला. गुगल प्लेवरील खरेदीनंतर ४८ तासांच्या आत विनंती केली, तर गुगलकडूनच परतावा मिळण्याची शक्यता बरी असते. त्यानंतर सहसा अॅपच्या विकासकाकडे जाण्यास सांगितले जाते. ४८ तास केव्हाच उलटून गेले होते. कंपनीला खाते पुसल्याची तारीख, तिन्ही `GPA.` क्रमांक आणि बँकेच्या विवरणाचे पान पाठवल्यावर एका महिन्याचे पैसे परत आले, दोन महिन्यांचे नाही. सबस्क्रिप्शन तिने रद्द केले नव्हते, हे कंपनीचे म्हणणे कागदावर बरोबर होते. आयफोनवाल्यांसाठी परताव्याची विनंती `reportaproblem.apple.com` येथे करायची असते. अॅप स्टोअरमार्फत गेलेल्या पैशांचा परतावा डेटिंग कंपनी देत नाही, अॅपलच देते.

सबस्क्रिप्शन रद्द केल्याचा पुरावा हाती असूनही वसुली झाली, तर मात्र बाजू आपली भक्कम असते. रद्द झाल्याचा ईमेल, ‘Resubscribe’चा स्क्रीनशॉट आणि त्यानंतरच्या तारखेचा व्यवहार, हे तीन कागद जोडून प्रथम स्टोअरकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. रद्द करण्याचा मार्ग मुद्दाम किचकट ठेवला असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा फसव्या रचनांपैकी एक प्रकार म्हणून नोंदलेला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना त्याचा उल्लेख करावा. मँडेट मोडलेले असूनही बँकेने पैसे जाऊ दिले असतील, तर तक्रार बँकेकडे करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` येथे जाता येते. यूपीआयच्या प्रत्येक मँडेटला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो ऑटोपेच्या तपशिलात ‘UMN’ या नावाने दिसतो. बँकेला लिहिताना तो दिला, की कोणत्या मँडेटबद्दल बोलणे चालले आहे, याचा घोळ होत नाही.

रद्द केल्यानंतरच्या पहिल्या नूतनीकरणाच्या तारखेची नोंद फोनच्या कॅलेंडरमध्ये करून ठेवावी: एक दिवस आधी मेसेज तपासण्यासाठी आणि त्यानंतर दोन दिवसांनी बँकेचे खाते पाहण्यासाठी. तिमाही किंवा सहामाही सबस्क्रिप्शन असेल, तर ही तारीख बरीच लांब असते आणि तोवर सगळे विसरायला होते, म्हणून ही नोंद रद्द केल्याच दिवशी करावी. बहिणीने १६ आणि १९ तारखेची करून ठेवली होती. १६ला मेसेज आला नाही आणि १९ला खात्यात कोणतीही वजावट नव्हती.